बिजागरी, जाळी आणि पॉपअप: फोटोत दिसणारे एअरपॉड्स खरे की डुप्लिकेट?

*वापरलेल्या वस्तू विकण्याच्या एका ॲपवर ‘एअरपॉड्स प्रो २, टाइप-सी, बिल हरवलंय’ अशी जाहिरात दिसली. किंमत ७,५०० रुपये. विक्रेत्याने सहा फोटो पाठवलेत. बिजागरी चकचकीत दिसते. झाकणाच्या आत A2700 असं काहीतरी वाचता येतं. आयफोनवर पॉपअप आल्याचा स्क्रीनशॉट आहे. “सीरियल ॲपलच्या साइटवर टाकून बघा, अँड्रॉइडवर पण पॉपअप येतो” असं तो म्हणतो. ५०० रुपये टोकन दिलं की कुरिअरने पाठवणार आहे. नुसत्या फोटोंवरून खरं-खोटं कसं ओळखायचं?*
*— एक वाचक, कराड*

टोकन पाठवू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच या मालाचं भांडं फुटलंय, आणि ते बिजागरीमुळे नाही, त्या A2700 मुळे.

एअरपॉड्स प्रोची दुसरी पिढी सप्टेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा तिच्या डबीला लाइटनिंगचं भोक होतं. त्या डबीचा मॉडेल क्रमांक A2700. वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, तेच एअरपॉड्स टाइप-सी डबीत आले आणि त्या डबीचा क्रमांक झाला A2968. म्हणजे खालून टाइप-सी आणि आत A2700 अशी डबी कंपनीने कधी बनवलेलीच नाही. डुप्लिकेट बनवणाऱ्याने जुन्या डबीचा मजकूर तसाच उचलला आणि भोक मात्र नवीन पाडलं, असा याचा सरळ अर्थ. एक अपवाद सांगून ठेवतो: लाइटनिंगची खरी डबी उघडून तिला टाइप-सी बसवण्याची किट मिळतात, हौशी लोक ते करतातही. पण ज्याने एवढी खटपट केली तो जाहिरातीत ते आधी सांगेल. आणि अशी उघडलेली डबी तुम्ही अखंड डबीच्या भावात घ्यायचं काहीच कारण नाही.

इथे एक गल्लत टाळा. क्रमांक बड्सवरही असतात. लाइटनिंगवाल्या जोडीचे A2931, A2699 आणि A2698, टाइप-सीवाल्या जोडीचे A3047, A3048 आणि A3049. एखाद्या जाहिरातीत बड्सवर A2699 आणि डबीवर A2968 दिसलं, तर तेवढ्यावरून माल नकली ठरत नाही. डबी हरवते, लोक नुसती डबी नवीन घेतात, आणि टाइप-सीची डबी सुटी विकतही मिळत होती. बड्स आणि डबी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांची अदलाबदल होऊ शकते. पण एकाच डबीवरचं भोक आणि त्याच डबीवरचा क्रमांक यांचा मेळ बसलाच पाहिजे.

बाकीच्या खुणांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उलटं वापरलं जाईल. फोटोवरून नकली माल पकडता येतो, असली माल सिद्ध करता येत नाही. बिजागरी वाईट दिसली तर नाही म्हणा. चांगली दिसली तर फक्त पुढची खूण बघा. आजकालच्या महागड्या डुप्लिकेटला, ज्याला बाजारात ‘मास्टर कॉपी’ म्हणतात, धातूची बिजागरीही असते, वजनही भरलेलं असतं आणि पॉपअपही येतो. त्यामुळे “चार खुणा बरोबर आल्या म्हणजे खरा” हा हिशेब इथे चालत नाही. एक पक्की चूक चार बरोबर खुणांना खाऊन टाकते.

आता बिजागरी. खऱ्या डबीची बिजागरी धातूची असते आणि डबीच्या पाठीचा गोलवा जसा आहे तसाच तिचा बाहेरचा पृष्ठभाग वळलेला असतो. रंग चंदेरी, पण भांड्यासारखा चकचकीत नाही, थोडा मंद. तिच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकशी जी फट असते ती केसाएवढी आणि दोन्हीकडे सारखी. स्वस्त डुप्लिकेटमध्ये बिजागरी प्लास्टिकची असते आणि तिच्यावर चंदेरी मुलामा चढवलेला असतो. तो आरशासारखा चमकतो, कडेला पिवळट किंवा काळपट पडतो आणि साच्याची बारीक रेघ मध्येच दिसते. काही वेळा बिजागरी पाठीच्या पातळीपेक्षा किंचित वर आलेली किंवा आत बसलेली असते.

हे फोटोत बघायची युक्ती सोपी आहे. डबी बंद करून पाठ कॅमेऱ्याकडे, आणि खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असा फोटो मागवा. डबीच्या पाठीवर उजेडाचा एक लांबट पट्टा दिसतो. खऱ्या डबीत तो पट्टा प्लास्टिकवरून बिजागरीवर जाताना तुटत नाही, फक्त थोडा मळकट होतो. नकलीत तो पायरी चढल्यासारखा हलतो किंवा वाकतो. दुसरा फोटो झाकण पूर्ण उघडून, बाजूने. झाकण एका बाजूला कलंडलेलं दिसलं किंवा बिजागरीच्या एकाच टोकाला फट मोठी दिसली, तर डबी एक तर पडलेली आहे किंवा नकली आहे. दोन्हीत तुमचा तोटाच.

तुमच्या फोटोत बिजागरी चकचकीत दिसते असं तुम्ही म्हणता, पण फोटो फ्लॅश मारून काढलेला असेल तर ही खूण मोजू नका. फ्लॅश जवळून मारला की मंद धातूही आरशासारखा पेटतो. फ्लॅशचं आणखी एक नुकसान म्हणजे पाठीवरचा फिकट राखाडी मजकूर तो पुसून टाकतो. फोटो नेहमी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून आणि साधारण वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करून मागवा. अगदी चिकटून काढलेला फोटो बहुतेक फोनमध्ये धूसर येतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो पाठवला तर ॲप तो दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. मग खरा मजकूरही नकली वाटू लागतो. माणूस अशा फोटोवरून उगाच खात्रीने बोलतो, ती चूक आपण करायची नाही.

मजकुराचं बघू. पाठीवर बिजागरीखाली कॅलिफोर्नियात रचना केल्याचं आणि कुठे जुळणी झाली ते लिहिलेलं असतं. चीन लिहिलंय की व्हिएतनाम, यावरून काहीच ठरत नाही, खरा माल दोन्हीकडून आलेला आहे. तरी “व्हिएतनाम म्हणजे डुप्लिकेट” असं छातीठोक सांगणारे दुकानदार भेटतात. बघायचं ते छपाईकडे. खरा मजकूर फिकट राखाडी आणि बारीक असतो, जवळपास डोळ्यांना ताण द्यावा लागेल इतका, आणि त्याच्या ओळी डबीच्या मध्याशी जुळलेल्या असतात. नकलीत शाई गडद असते, अक्षरं जाड असतात, दोन शब्दांतली जागा कमी-जास्त असते आणि पूर्ण ओळ एक-दोन अंश कललेली असते. कल मोजायला फोनमधल्या फोटो एडिटरमध्ये ग्रिडची रेघ आणा आणि बिजागरीची खालची कड तिच्याशी समांतर करा. मजकूर त्या रेघेला तिरका गेला की दिसतोच.

झाकणाच्या आतला मजकूर जास्त बोलका. तिथे सीरियल नंबर असतो आणि बोटांचा घासा कमी लागत असल्यामुळे वापरलेल्या डबीतही तो शाबूत राहतो. बाहेरून डबीवर शंभर ओरखडे आणि आतली छपाई ताजी, हे नैसर्गिक आहे. उलट बाहेरून डबी कोरी आणि आतला मजकूर फुटलेला, शाई पसरलेली, हे संशयास्पद. जाहिरातीत सीरियल झाकून ठेवलं असेल तर त्याचा राग मात्र धरू नका. डुप्लिकेट बनवणारे खऱ्या मालाचे सीरियल अशाच जाहिरातींतून उचलतात, त्यामुळे शहाणा विक्रेता ते झाकतो आणि भेटीत दाखवतो.

यावरूनच “साइटवर सीरियल टाकून बघा” या वाक्याची किंमत कळते. checkcoverage.apple.com वर एखादं सीरियल एअरपॉड्स प्रोचं म्हणून दिसलं, तर ते सीरियल खरं आहे एवढंच सिद्ध होतं. ते तुमच्या हातातल्या डबीचंच आहे हे नाही. एकाच खऱ्या सीरियलच्या कितीतरी डब्या छापता येतात. सीरियल साइटवर सापडलंच नाही किंवा दुसऱ्याच वस्तूचं निघालं, तर मात्र विषय तिथेच संपला.

आता जाळी, जिकडे फार कमी लोक बघतात आणि जिथे नकली माल सर्वात लवकर उघडा पडतो. बडला बाहेरच्या बाजूला आणि कानात जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी काळी जाळी असते, शिवाय देठाच्या खालच्या टोकालाही मायक्रोफोनसाठी उघडं असतं. खरी जाळी ही खरोखरच जाळी असते: तिरक्या उजेडात तिच्यात वीण दिसते, ती प्लास्टिकच्या पातळीला बसलेली असते आणि तिच्याभोवतीची कड सगळीकडे सारखी असते. बनवणाऱ्याला पैसे वाचवायचे असले की तो इथे काळ्या प्लास्टिकचा तुकडा चिकटवतो आणि त्याच्यावर ठिपके उमटवतो. उजेड तिरका टाकला की त्या ठिपक्यांचा तळ चमकतो, कारण ती भोकं नसतात, खळगे असतात. कापडाची जाळी चिकटवलेली असेल तर कडेला गोंदाची ओली चमक दिसते आणि एखाद्या कोपऱ्यात ती उचललेली असते. कारण उघड आहे: खऱ्या बडमध्ये त्या जाळीमागे मायक्रोफोन किंवा हवेची वाट आहे, नकलीत बहुतेक वेळा मागे काहीच नसतं, जाळी ही निव्वळ नक्षी असते.

यासाठी विक्रेत्याकडून रबरी टोपी काढलेल्या बडचा फोटो मागा. खऱ्या बडची टोपी लंबगोल प्लास्टिक कडीवर ‘टक’ करून बसते आणि टोपीच्या आतही स्वतःची बारीक जाळी असते. नुसती गोल रबरी नळी ओढून बसवलेली असेल आणि तिच्या पोटात जाळी नसेल, तर टोपी बदललेली आहे एवढंच खात्रीने म्हणता येईल, कारण बाहेरच्या कंपन्यांच्या टोप्या सर्रास मिळतात. पण बडच्या तोंडाची नळीच गोल असेल, तर बड नकली. वापरलेल्या बडच्या जाळीत थोडा मळ असणं चांगलंच लक्षण आहे. तो मळ पाहून विक्रेत्याला “टाचणीने साफ करून फोटो पाठव” असं सांगू नका, टाचणीने खरी जाळी फाटते आणि मग नकलीसारखी दिसते.

जाळीचाच आणखी एक भाऊ डबीच्या बुडाशी आहे. प्रो २ च्या डबीत स्पीकर आहे, त्यासाठी चार्जिंगच्या भोकाच्या शेजारी बारीक छिद्रं आहेत, आणि एका कडेला दोरी ओवण्याची धातूची पट्टी आहे. पहिल्या पिढीत यातलं काहीच नव्हतं. ‘प्रो २’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीच्या बुडाशी छिद्रं नसतील किंवा दोरीची जागा नसेल, तर पुढे बोलायलाच नको. छिद्रं असतील तर तोच तिरक्या उजेडाचा प्रयोग करा: खरी भोकं आतून काळी ठिक्कर दिसतात, खळग्यांचा तळ पांढरा दिसतो.

पॉपअपबद्दल मात्र जरा बैजवार सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. झाकण उघडलं की आयफोनवर जे चित्र उसळून येतं, त्यामागे ओळखपत्र तपासण्यासारखं काही घडत नसतं. बड्स ब्लूटूथवरून एक छोटा संदेश सतत हवेत सोडतात: मी अमुक प्रकारचा एअरपॉड, डावा इतका चार्ज, उजवा इतका. तो संदेश ज्या साच्यात लिहिलेला असतो तो साचा लोकांनी केव्हाच उलगडला आहे, त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांच्या चिपलाही तो सोडता येतो. फोन तो वाचतो आणि स्वतःकडचं सुंदर चित्र दाखवतो. चित्र फोनचं, मालाचं नाही. म्हणून पॉपअपचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून शून्य. शिवाय स्क्रीनशॉट कोणाच्या फोनवरचा, कोणत्या बड्सचा, हेही तुम्हाला माहीत नाही.

“अँड्रॉइडवर पण पॉपअप येतो” हे तर विक्रेत्याने स्वतःच्याच विरुद्ध दिलेलं प्रशस्तिपत्र आहे. खरे एअरपॉड्स अँड्रॉइडला साध्या ब्लूटूथ इअरफोनसारखे जोडावे लागतात: डबीच्या पाठीवरचं बटण पांढरा दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं आणि फोनच्या यादीतून नाव निवडायचं. उसळून येणारी खिडकी अँड्रॉइडवर सहसा गूगलच्या वेगळ्या पद्धतीने येते, ती एअरपॉड्समध्ये नाही. तसंच जाहिरातीत ‘जीपीएस + रीनेम’ असे शब्द दिसले तर पुढे वाचूच नका. एअरपॉड्समध्ये जीपीएस नाही. हे शब्द डुप्लिकेटच्या घाऊक बाजारातले आहेत, ज्याने खरा माल दुकानातून विकत घेतला तो माणूस असं लिहीत नाही.

मग पॉपअपऐवजी काय मागायचं? एकच सलग व्हिडिओ, मध्ये काटछाट नसलेला. सुरुवातीला झाकणाच्या आतलं सीरियल जवळून दिसू दे. मग झाकण उघडंच ठेवून आयफोनच्या सेटिंग्जमध्ये वर आलेल्या एअरपॉड्सच्या नावावर जाऊन तळाशी माहितीपर्यंत उतरायला सांगा. तिथे मॉडेल, सीरियल आणि आवृत्ती दिसते. सीरियलवर बोट ठेवत गेलं की डबीचं, डाव्याचं आणि उजव्याचं अशी तीन वेगवेगळी सीरियल एकामागून एक येतात. नकलीत बहुधा एकच आकडा चिकटून बसतो. शेवटी ‘फाइंड माय’ ॲपमधून डबीला आवाज करायला लावायचं. खालच्या छिद्रांतून शिट्टी आली पाहिजे. चार्जर लावल्यावर येणारा ‘टिंग’ यात धरू नका, तो नकलीतही घातलेला असतो.

आयओएस १६ पासून आयफोन नव्याने जोडलेले एअरपॉड्स खरे आहेत का ते स्वतः तपासतो आणि शंका आली तर खात्री पटली नसल्याचा इशारा दाखवतो. इशारा आला तर तो अंतिम माना, “नेटवर्कमुळे येतो” या सबबीला भुलू नका. इशारा आला नाही तर त्यावर उड्या मारू नका, चुकवणारे प्रकार निघालेले आहेत.

वजन हा फोटोतून तपासता येण्याजोगा आणखी एक आकडा. प्रो २ ची डबी ५०.८ ग्रॅम आणि एकेक बड ५.३ ग्रॅम, म्हणजे भरलेली डबी ६१ ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबी ठेवून, आकडा दिसेल असा फोटो मागायला काही लागत नाही. ४०-४५ दाखवला तर नकली. ६१ दाखवला तरी आत लोखंडाचा तुकडा नाही असं कोण सांगेल, म्हणून बड्स काढून एकटी डबी आणि एकटा बडही तोलायला सांगा. बनवणारे वजन डबीत भरतात, बडमध्ये भरायला जागा नसते.

किंमतही बोलते. भारतात हे २०२२ मध्ये २६,९०० ला आणि टाइप-सीवाले २०२३ मध्ये २४,९०० ला निघाले. वापरलेली जोडी ७,५०० ला मिळणं अशक्य नाही, बॅटरी उतरलेली असेल किंवा एक बड बदललेला असेल तर मिळतेही. पण मग विक्रेता ते कारण सांगतो. “बिल हरवलंय” हे कारण नव्हे.

तुमच्या या जाहिरातीपुरतं सांगायचं तर तिला नाही म्हणा. A2700 आणि अँड्रॉइड पॉपअप, दोन्ही तुमच्या पत्रात आलेल्याच गोष्टी आहेत आणि दोन्ही विरोधात जातात. तरी मोह होत असेल तर विक्रेत्याला एवढंच लिहा: “डबीचं बूड आणि झाकणाच्या आतला मजकूर एकाच फोटोत येईल असा, आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसकट फोटो पाठवा, डॉक्युमेंट म्हणून.” चिठ्ठी यासाठी की बरेच फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले असतात. गूगल लेन्समध्ये टाकलेत तर कधी कधी तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत सापडतो. नकली विकणारा या मागणीला सहसा उत्तर देत नाही, “घ्यायचं तर घ्या” म्हणतो.

दुसरी एखादी जाहिरात बघाल तेव्हा कुरिअर नको, भेट घ्या, आणि आयओएस १६ किंवा त्यापुढचा आयफोन असलेला मित्र सोबत न्या. पैसे देण्याआधी विक्रेत्याने स्वतःच्या फोनवर ‘फाइंड माय’मधून हे एअरपॉड्स तुमच्यासमोर काढून टाकले पाहिजेत. खरे असले तरी त्याच्या खात्याला अडकलेले राहिले, तर ते तुमच्या नावावर नीट जोडले जाणार नाहीत. मग मित्राच्या फोनला जोडून बघा, इशारा येतो का ते पाहा, तीन सीरियल तपासा, मगच खिशात हात घाला. टोकन आधीच गेलेलं असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, गप्पा आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर मात्र त्याआधी जपून ठेवा, कारण तक्रार झाली की जाहिरात गायब होते.